कोल्हापूरची फेरी कोणी करायची, हे तिला विचारल्याशिवाय ठरवू नका

*नमस्कार. भोसरीत पंप बनवणाऱ्या कंपनीत मी परचेस विभाग सांभाळतो. कास्टिंगचे सप्लायर बघणारी आमची सिनियर इंजिनिअर बाळंतपणाच्या रजेवरून 2 मार्चला परत येतेय. तिच्या कामात महिन्यातून दोनदा कोल्हापूरच्या फाउंड्रीजना जावं लागतं, कधी मुक्कामही पडतो. घरी तान्हं बाळ असताना तिला हे सांगायचं माझ्याच जिवावर येतं. म्हणून कास्टिंग आता कायमचं तिच्या जागी काम बघणाऱ्या मुलाकडेच ठेवावं आणि तिला इथलं व्हेंडर डॉक्युमेंटेशन द्यावं, असं मनात आहे. एप्रिलमध्ये डेप्युटी मॅनेजरची जागा निघतेय, यंदा तिला त्यात ओढू नये असंही वाटतं. तिचं स्वागत नीट व्हावं ही मनापासून इच्छा आहे. काय काळजी घेऊ?*
— एक परचेस मॅनेजर, भोसरी

दोन्ही बेत तूर्त बाजूला ठेवा. त्यामागची माया खरी असेल, पण परिणाम काय होतो तो पाहा. कास्टिंग म्हणजे भाव ठरवणं, रिजेक्शनवर भांडणं, सप्लायर नवा की जुना हे ठरवणं. डॉक्युमेंटेशन म्हणजे जीएसटीचे कागद आणि आयएसओची सर्टिफिकेटं गोळा करणं. पहिल्या कामात वर्षाअखेरीला दाखवायला आकडा असतो, दुसऱ्यात नसतो. हा बदल तुम्ही तिच्या सोयीसाठी केला होता, हे वर्षभरानंतर तुमच्याखेरीज कोणाला आठवणार नाही. बढतीच्या फॉर्मवर मात्र ‘सध्याचं काम: डॉक्युमेंटेशन’ एवढंच दिसेल. शिवाय बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या बाईच्या नोकरीच्या अटी तिचं नुकसान होईल अशा बदलायला कायद्याने मनाई आहे. तुम्ही हे 2 मार्चच्या आधी ठरवताय, तेव्हा एचआरला न विचारता असा आदेश काढलात तर अडचणीत तुम्हीच याल.

रजेतल्या माणसाशी संपर्क ठेवताना दोन टोकं गाठली जातात. एक तर सहा महिने कोणी विचारत नाही, नाही तर ‘फक्त पाच मिनिटं’ म्हणत दर आठवड्याला फोन जातो. रुजू होण्याच्या साधारण दोन आठवडे आधी एकच मेसेज करा. तो असा लिहिता येईल: “2 तारखेला तू येतेयस, तुझ्या जागेची आणि लॉगिनची तयारी चालू आहे. कास्टिंग तुझ्याकडेच आहे. पहिल्या आठवड्यात आपण तासभर बसून कामाची आखणी करू. त्याआधी फोनवर बोलावंसं वाटलं तर तुला सोयीची वेळ कळव, नाही तर 2 तारखेलाच भेटू.” यातलं दुसरं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. आपली जागा आहे की गेली, ही शंका रजेच्या शेवटच्या दिवसांत बहुतेकांना असते आणि ती कोणी तोंडाने विचारत नाही. बाळ कसं आहे, कोण सांभाळणार, आई येणार की सासूबाई, यातलं काहीही या मेसेजमध्ये नको. ती आपणहून बोलली तर जरूर बोला. बाळंतपण सगळ्यांचंच सुखरूप झालेलं नसतं, म्हणून ‘फोटो पाठव की’ असा आग्रहही नको.

आता तयारीचं बघू. इथे बहुतेक कंपन्या हमखास चुकतात. बऱ्याच ठिकाणी ठरावीक दिवस वापर झाला नाही की संगणकाचं लॉगिन आपोआप बंद पडतं, गेटवरचं पंचिंग बंद होतं आणि पेरोलमध्ये नाव ‘रजेवर’ तसंच राहतं. मग पहिला दिवस आयटीच्या खुर्चीशेजारी उभं राहण्यात जातो. हे चार दिवस आधी तपासून घ्या, ते सोपं आहे. अवघड भाग ईआरपीमधला, म्हणजे खरेदीचे व्यवहार ज्यावर चालतात त्या सॉफ्टवेअरमधला आहे. ती रजेवर गेली तेव्हा पीओ, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरी, रिलीज करण्याचे तिचे अधिकार त्या मुलाच्या नावावर केले असतील. ते परत तिच्या नावावर करायची तारीख कोणी ठरवलेली नसते. खुर्चीवर ती बसते, पण पीओ मंजुरीसाठी त्याच्याच स्क्रीनवर जातो. फाउंड्रीवाल्याला दुसऱ्या दिवशीच कळतं की बाईंच्या सहीने माल सुटत नाही, आणि फोन त्याला जायला लागतात. हे कोणी मुद्दाम केलेलं नसतं, म्हणूनच ते महिनोन्‌महिने तसंच राहतं. अधिकार कोणत्या तारखेला तिच्या नावावर परत येणार, हे आयटीला लेखी कळवा. 2 मार्चलाच करू नका, दोन आठवड्यांनी करा, का ते पुढे येईलच. पण तारीख आत्ताच ठरवा.

पहिल्या आठवड्यातली ती तासाभराची बैठक हाच या सगळ्याचा कणा आहे. तिथे “कोल्हापूर जमेल ना तुला?” असं विचारू नका. या प्रश्नाला पहिल्या आठवड्यात ‘हो’शिवाय उत्तर मिळत नाही. ‘नाही’ म्हटलं की आपण मागे पडलो, अशी तिची समजूत होते. आणि ‘हो’ म्हटलं तरी तुम्ही मनात म्हणणार, बघू किती दिवस टिकतंय ते. त्यापेक्षा कामाचे तुकडे समोर मांडा आणि प्रत्येकाबद्दल तिचं मत घ्या.

तुमच्याकडे हे तुकडे साधारण असे असतील. नव्या पॅटर्नचं पहिलं कास्टिंग तपासायला जाणं. तिथे माणूस प्रत्यक्ष हवाच, पण तारीख पंधरा दिवस आधी कळते. भाव ठरवण्याची बैठक. ती कोल्हापुरात होते ती केवळ सवयीने, सप्लायरही भोसरीला येऊ शकतो आणि बऱ्याचदा आनंदाने येतो. रिजेक्शनचा वाद. हा अचानक उपटतो, सकाळी फोन आला की दुपारी निघावं लागतं. आणि वर्षाचं ऑडिट, ज्याला मुक्काम लागतो पण तारखा आधीच लागलेल्या असतात. पुणे ते कोल्हापूर साधारण सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, गाडीने एका बाजूला चार-पाच तास. म्हणजे सकाळी सहाला निघालेला माणूस फाउंड्रीत चार तास काम करून आला तरी संध्याकाळी सहा-आठच्या आत घरी पोचत नाही. ‘महिन्यातून दोन फेऱ्या’ म्हणताना हे सगळं एकाच शब्दात कोंबलं जातं. तुकडे वेगळे केलेत की कदाचित दिसेल की दोनपैकी एक फेरी मुळातच टाळता येते, आणि ती कोणासाठीच गरजेची नव्हती.

मग विचारा: “यातलं कोणतं कधीपासून घ्यायचं? नवं काही घ्यायचंय का? काही वेगळ्या पद्धतीने करायचंय का?” उत्तर तीन प्रकारचं येऊ शकतं आणि तिन्हींना तुमचं वागणं वेगवेगळं हवं.

ती म्हणाली, मार्चपासूनच जाते, तर विषय संपला. “घरी विचारलंस का?” हा प्रश्न तुम्ही त्या मुलाला कधी विचारलेला नाही. ‘पहिली फेरी मी येतो सोबत’ अशी सावलीही नको. प्रवासाच्या फॉर्मवर सगळ्यांसाठीच एक ओळ घाला: ‘प्रवासात काही सोय हवी असल्यास’. म्हणजे बसऐवजी गाडी हवी असेल, किंवा सप्लायरच्या ऑफिसात आतून कडी असलेली खोली अर्धा तास हवी असेल, तर ती लिहील आणि कोणालाही कारण सांगावं लागणार नाही. सहा-सात तास घराबाहेर राहणाऱ्या, अंगावर पाजणाऱ्या आईला मध्ये एक-दोनदा दूध काढावं लागतं. नाही काढलं तर दुखतं, आणि गाठी होऊन तापही येऊ शकतो. ती कोणत्या पद्धतीने पाजते, पाजते की नाही, हे मात्र तुम्ही विचारायचं नाही.

ती म्हणाली, तीन महिने मुक्काम नको, तर ‘ठीक आहे, बघू’ म्हणून सोडू नका. लिहून ठेवा: 31 मेपर्यंत मुक्कामाची आणि अचानक उपटणारी फेरी दुसरा इंजिनिअर करेल, सप्लायर आणि त्यांचे आकडे तिच्याच नावावर राहतील, तो तिच्या वतीने जाईल आणि निर्णयासाठी तिला तिथूनच फोन लावेल. 1 जूनला पुन्हा बोलायचं. तारीख नसलेली सवलत आपोआप कायमची होते. आपण आता येऊ शकतो हे सांगायचं ओझं तिच्यावर पडतं, आणि ते सांगेपर्यंत तिथे दुसरा बसलेला असतो.

आणि ती म्हणाली की कोल्हापूर आता नकोच, दुसरं काही द्या, तर तेही तिचं उत्तर आहे. तेव्हा मात्र डॉक्युमेंटेशन हा एकच पर्याय पुढे करू नका. मोटर, बेअरिंग, सील यांतलं काही पुण्यातल्याच सप्लायरकडचं, पण भावताव असलेलं काम आहे का ते आधी पाहून बैठकीला जा.

सोयी तुमच्या मर्जीवर नाहीत, त्या कायद्यात आहेत. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात 2017 साली दुरुस्ती झाली, आणि त्याच तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेतही घेतल्या आहेत. पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे रजा. बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या मधल्या सुटीशिवाय रोज पाजण्यासाठी आणखी दोन सुट्या, आणि त्यासाठी पगार कापता येत नाही. 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय, आणि तिथे दिवसातून चार वेळा जायची मुभा. कामाचं स्वरूप तसं असेल तर रजा संपल्यावर दोघांच्या संमतीने घरून काम. हे सगळं तिला तोंडी सांगत बसू नका, कारण तुमच्या तोंडून ते उपकारासारखं ऐकू येतं. एचआरकडून एका पानावर लिहून घ्या आणि रुजू होणाऱ्या प्रत्येकीला ते पान मिळेल असं करा. वापरायचं की नाही हे ती ठरवेल. अंगावर पिणाऱ्या बाळाला पाळणाघर चालत नसेल, किंवा चाकणहून भोसरीला बाळ रोज आणणंच शक्य नसेल, अशी शंभर कारणं असतात.

इथे एक हिशेब बहुतेकांचा चुकतो. 26 आठवड्यांपैकी 8 आठवडे बाळंतपणाच्या आधी घेता येतात. ज्या बाईने ते घेतले, तिचं बाळ ती परत येते तेव्हा 18 आठवड्यांचं, म्हणजे जेमतेम चार महिन्यांचं असतं. ते अजून फक्त दुधावर असतं. ‘सहा महिने झाले, आता तर वरचं खात असेल’ हे ऑफिसातलं वाक्य म्हणूनच पुष्कळदा साफ चूक असतं. उलट, जिने रजेला प्रिव्हिलेज लीव्ह जोडली तिचं बाळ आठ महिन्यांचं असू शकतं. हे दोघींपैकी कोणाच्या चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं.

आता त्या मुलाचं. सहा महिने त्याने कास्टिंग ओढलंय, आणि एका सकाळी ‘बाई आल्या, तू बाजूला हो’ म्हटलंत तर तो मनातून खट्टू होणार आणि राग तिच्यावर निघणार. त्याला 2 मार्चच्या आधीच सांगा की काम परत जाणार आहे, कधी आणि का. त्याने स्वतः शोधलेला किंवा उभा केलेला एखादा सप्लायर असेल तर तो त्याच्याकडेच राहू द्या. तसं ठरवायला तिचीही संमती घ्या. मग दोन आठवडे दोघं मिळून काम करतील. पीओचे अधिकार त्यानंतर परत करायचे ते यासाठीच.

या दोन आठवड्यांत त्याने तिला चार गोष्टींची यादी द्यायची. उघडे पीओ, उघडी रिजेक्शनं आणि त्यावरच्या डेबिट नोटा, भाव कोणत्या तारखेला आणि कशाच्या आधारावर बदलले, आणि तोंडी दिलेले शब्द. पहिल्या तीन ईआरपीमध्ये सापडतात. चौथी कुठेच सापडत नाही आणि फजिती त्यामुळेच होते. ‘पुढच्या लॉटला किलोमागे रुपया वाढवून देऊ’ असं त्याने फोनवर म्हटलेलं असतं. फाउंड्रीवाला एप्रिलमध्ये ते तिच्यासमोर काढतो, तिला माहीत नसतं, ती नाही म्हणते आणि बाजारात होतं काय, तर ‘बाईंना आता कामाचं भान राहिलेलं नाही’. त्याला शांतपणे बसवून प्रत्येक सप्लायरचं नाव घेऊन विचारा, याला काय कबूल केलंयस? यादी तयार झाली की सप्लायरना मेल तुम्ही स्वतः पाठवा, तिला पाठवायला लावू नका: अमुक तारखेपासून भाव, रिजेक्शन आणि पीओसाठी संपर्क पुन्हा हाच. वरिष्ठाच्या नावाने गेलेल्या मेलनंतर सहसा कोणी जुन्या नंबरवर फोन लावत नाही. लावलाच तर त्या मुलाने फोन तिच्याकडे वळवायचा, हेही त्याला सांगून ठेवा.

डेप्युटी मॅनेजरच्या जागेचा नियम साधा आहे. पात्र असलेल्या सगळ्यांना एकाच दिवशी, एकाच शब्दांत विचारा: अर्ज करायचाय का? तिच्यासाठी वेगळी, काळजीची आवृत्ती नको. ‘तुझ्यावर ताण येईल म्हणून मी विचारलं नाही’ हे तिला सहकाऱ्यांकडून कळलं तर त्यानंतर तुम्ही कितीही चांगले वागलात तरी ती दुसरी नोकरी शोधायला लागेल. ती नाही म्हणाली तर यंदाचा नकार म्हणून नोंदवा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारा.

मात्र अर्ज केला तरी मूल्यमापनात ती हरू शकते, आणि तिथे तुमचं खरं काम आहे. समजा, कास्टिंगवर वर्षभरात 40 लाखांची बचत हे तिचं लक्ष्य होतं. एप्रिल ते ऑगस्ट असे पाच महिने काम करून ती 18 लाखांवर होती आणि सप्टेंबरपासून रजेवर गेली. मार्चमध्ये ती काम परत घेतेय, तो महिना सोडून द्या. फॉर्ममध्ये वर्षाचं लक्ष्य तसंच ठेवलं तर 18 भागिले 40, म्हणजे 45 टक्के, आणि ‘अपेक्षेपेक्षा कमी’ हा शेरा आपोआप येतो. काम केलेल्या पाच महिन्यांचं लक्ष्य काढलं तर ते साधारण 16.7 लाख होतं, आणि ती 108 टक्क्यांवर आहे. माणूस तोच, काम तेच. हा फरक कोणी वाईट हेतूने करत नाही, फॉर्मचा साचाच तो करतो. म्हणून मूल्यमापन सुरू व्हायच्या आधी, म्हणजे मार्चमध्येच, लक्ष्य काम केलेल्या महिन्यांपुरतं कमी करायला एचआरला लेखी सांगा. आणि सहा महिन्यांच्या रजेला ‘कमी काम’ न समजता सगळ्यांच्या तुलनेत त्या पाच महिन्यांचा वेग बघा.

टीमसाठी लांबलचक भाषण करू नका. ‘सुट्टी कशी झाली?’, ‘रात्री झोप होते का गं?’, ‘आता दुसऱ्याचा विचार काय?’ ही वाक्यं प्रेमानेच म्हटली जातात, पण दहा जणांनी दहा वेळा म्हटली की ऐकणाऱ्याच्या लक्षात येतं, आपण इथे इंजिनिअर नंतर आणि आई आधी आहोत. तुम्ही पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर तिला सांगा की दर सोमवारच्या सप्लायर मीटिंगमध्ये कास्टिंगचा भाग पुन्हा तू मांडणार आहेस, पहिल्या वेळी त्याने मांडावा की तू, तेवढं सांग. बाकीचे आपोआप त्या सुरात बोलायला लागतात. आणि संध्याकाळी साडेसहाची मीटिंग तिच्यासाठी हलवू नका, सगळ्यांसाठी हलवा. त्या वेळेची गरज कोणालाच नसावी, तुमच्याच ऑफिसात विचारून बघा.

सहा आठवड्यांनी आणि मग तीन महिन्यांनी अर्धा तास काढून बसा. ‘कसं चाललंय?’ याला ‘ठीक’ एवढंच उत्तर येतं, म्हणून खुणा स्वतः बघा. मेल तिला येतात की ती फक्त सीसीमध्ये असते? सप्लायर कोणाला फोन करतात? जे निर्णय ती पूर्वी एकटी घ्यायची, ते आता तुमच्याकडे विचारायला येते का? सगळ्याला ‘चालेल’ म्हणायला लागली आहे का? यातल्या दोन खुणा दिसल्या तर बहुधा तिची इच्छा कमी झालेली नसते, तर काम परत देताना मध्येच काही अडकलेलं असतं. सर्वांत आधी ईआरपीच्या मंजुरीच्या यादीत तिचं नाव आहे का ते तपासा.